मदत हवी आहे: 2 मिमी ब्लँकला नव्या डायवर लवकर बर येते

अक्कलकोटरोड_शॉप: सोलापूरला आमचं छोटं प्रेसशॉप आहे. 2 मिमी सीआर शीटमधून 50 मिमीचे गोल ब्लँक काढतो, प्रेस 20 टनी. नव्या डायवर पहिला माल स्वच्छ निघाला, पण दोन शिफ्टमध्येच बर 0.2 मिमीवर गेली. गिऱ्हाईक 0.1 च्या वर घेत नाही. पट्टी पंचाला घट्ट धरून बसते, आवाजही जड येतो. डायचं तोंड 50.00, पंच 49.88. काय बदलावं?

डायफिटर_काका: बर येते म्हणजे क्लिअरन्स जास्त. पंच मोठा करून घ्या.

टूलरूम_चिंचोळी: काका, जास्त क्लिअरन्सनेही बर येते हे खरं, पण तेव्हा कड गोल वाकते आणि बर जाड असते. इथे फरक 0.12, म्हणजे एका बाजूला 0.06. 2 मिमीला ते फक्त 3 टक्के झाले. अशा शीटला मी बाजूला 6 ते 8 टक्के ठेवतो. दादा, ड्रॉइंगवर नुसतं ‘क्लिअरन्स 0.12’ लिहिलंय का? आपल्याकडे कोणी ते एका बाजूचं धरतं, कोणी दोन्ही मिळून. ब्लँकची कड भिंगातून बघा. चकाकी, मग फाटलेला भाग, खाली पुन्हा चकाकी दिसली तर क्लिअरन्स कमीच. वरची आणि खालची चीर एकमेकींना भेटत नाहीत, मधला पत्रा दुसऱ्यांदा कापला जातो. त्यातच धार लवकर मरते, आणि धार मेली की बर वाढते.

स्टीलभांडी_98: माझ्याकडे 1 मिमी स्टेनलेसला भोक पाडताना गोळी पंचाबरोबर वर येते. हाच प्रकार का?

टूलरूम_चिंचोळी: तो वेगळा विषय. क्लिअरन्स वाढवला तर गोळी डायमध्ये सैल बसते, तुमचा त्रास वाढेलही. वेगळा धागा काढा.

अक्कलकोटरोड_शॉप: ड्रॉइंगवर तसंच आहे सर, बाजू लिहिलेली नाही. दोन चकाक्याही दिसल्या. पण क्लिअरन्स वाढवला तर प्रेसवर लोड येईल का?

टूलरूम_चिंचोळी: उलट थोडा कमी होईल. परीघ 157 मिमी, जाडी 2, शिअर स्ट्रेंग्थ 300 न्यूटन प्रति चौ. मिमी धरली तर 94,200 न्यूटन, साधारण साडेनऊ टन. क्लिअरन्सने या आकड्यात फार फरक पडत नाही, पण पंच बाहेर ओढायचा जोर बराच उतरतो. तुमची पट्टी त्यामुळेच धरून बसते. डायला हात लावू नका, ब्लँकचं माप डाय ठरवते. पंच 49.76 करा, बाजूला 0.12 येईल.

डायफिटर_काका: पण बर सगळीकडे सारखी आहे का? आमच्याकडे गाईड बुश झिजल्यावर एकाच बाजूला यायची.

अक्कलकोटरोड_शॉप: नाही काका, एका बाजूला दुपटीने जास्त.

टूलरूम_चिंचोळी: मग काकांचं म्हणणं धरा, पंच घासायच्या आधी हे बघा. डायसेट प्रेसवर अर्धा फिरवून बसवा. उंच बर डायच्या त्याच बाजूला राहिली तर बुश किंवा पंचाची बैठक. प्रेसच्या त्याच बाजूला राहिली तर रॅम तिरकी चालतेय. काय निघतं ते इथेच टाका, त्यावरून 0.12 पुरेल का तेही ठरेल.