कांद्याचा भाव आणि पिसलेला डेटा

> लासलगावच्या रोजच्या कांदाभावावर रँडम फॉरेस्ट चालवलं. आरएमएसई क्विंटलमागे ट्रेनवर ६० रुपये, टेस्टवर ७५. म्हणजे ओव्हरफिटिंग नाही ना?

स्प्लिट कसा केला त्यावर आहे. `train_test_split` ला वेगळं सांगितलं नाही तर ते ओळी पिसून ट्रेन-टेस्टमध्ये वाटतं. मग मंगळवार टेस्टमध्ये गेला तरी सोमवार-बुधवार ट्रेनमध्येच राहतात, आणि मॉडेलला उत्तर शेजारीच सापडतं. ओळी तारखेने लावून `shuffle=False` द्या, म्हणजे शेवटचे महिने टेस्टला जातील.

तिथे आरएमएसई फुगला, तरी सगळा दोष ओव्हरफिटिंगला देऊ नका. ट्रेनमध्ये दिसलेल्या कमाल भावाच्या वरचा अंदाज रँडम फॉरेस्ट देऊच शकत नाही. शिवाय आरएमएसईमध्ये चुकांचा वर्ग होत असल्याने भडक्याचे मोजके दिवसही आकडा वर नेतात. त्याच टेस्टवर 'कालचाच भाव आज' या अंदाजाचा आरएमएसई काढा. तो मॉडेलच्या आरएमएसईपेक्षा कमी आला तर मॉडेल बाजूला ठेवा.