मदत हवी आहे: संमतीपत्रातलं दुहेरी अर्थाचं वाक्य

औषधचाचणीच्या संमतीपत्राचा इंग्रजी-मराठी अनुवाद करतेय. मूळ वाक्य: ‘कॉल द डॉक्टर इफ यू हॅव रॅश ऑर फीव्हर फॉर मोअर दॅन टू डेज.’ इंग्रजीत संदिग्धता खपते, मराठीत शब्दक्रम ठरवावाच लागतो:

‘पुरळ किंवा दोन दिवसांहून अधिक ताप’, की ‘दोन दिवसांहून अधिक काळ पुरळ किंवा ताप’?

पहिल्यात पुरळ दिसताच फोन, दुसऱ्यात रुग्ण दोन दिवस थांबणार. उरलेला मजकूर तपासला, खुलासा नाही. चाचणीचा आराखडा मिळालेला नाही. एजन्सी म्हणते, ‘योग्य वाटेल ते करा’. उद्या संध्याकाळी द्यायचंय.

एरवी संदर्भाने अर्थ ठरवून टीप देते. इथे सुरक्षित म्हणून पहिला अर्थ घेऊन टीप पुरेल, की लेखी उत्तर येईपर्यंत फाइल रोखून धरावी?