मुख्याध्यापकांच्या मुलीची घरी शिकवणी: नाही कसं म्हणायचं?

नवी_शिक्षिका: अनुदानित शाळेत दहावीला गणित शिकवते. मुख्याध्यापकांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. रोज संध्याकाळी घरी येऊन तिला शिकवा, असं सर म्हणाले. फीचा विषय निघाला नाही. संबंध न बिघडता नकार कसा देऊ?

साधा_माणूस: घरी कोणी आजारी आहे असं सांगून टाका.

खडूफळा: अजिबात नको! आजारी माणूस बरं होतं आणि सर महिन्याभराने पुन्हा विचारतात. "एक महिना बघते" हेही नको, तो महिना मार्चपर्यंत चालतो. मॅडम, न संपणारं कारण तुमच्याकडे आहे. गणिताच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि ते तुम्हीच देणार. मुलीला पूर्ण २० मिळाले की बाकीचे पालक आधी सरांवर बोट ठेवतील. म्हणून असं बोला: "सर, तिचे गुण मीच देते. घरी शिकवलं तर उद्या बोलणी तुम्हाला बसतील. शाळा सुटल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्या वर्गासाठी जादा तास घेते, तिलाही बसवा." आजच, दालनात दुसरं कोणी नसताना सांगा. व्हॉट्सॲपवर नको, लेखी नकार त्यांना तक्रारीसारखा लागेल.

नियमपंडित: इतकी मनधरणी कशाला? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८. शिक्षकाला खासगी शिकवणीची बंदी. कागद पुढे ठेवा, विषय संपला.

खडूफळा: कलम बरोबर आहे, त्यात फीचा उल्लेखही नाही, म्हणजे फुकट शिकवणीही सुटत नाही. पण तो कायदा पहिली ते आठवीचा. दहावीच्या शिक्षकाला लागू होतो का, यावर सर तासभर वाद घालतील. त्या वादात तुमचा गोपनीय अहवाल कोण लिहितं, हेही लक्षात ठेवा.

वैतागलेला_गुरुजी: शिकवणीचं काय घेऊन बसलात! बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार फिरायचं, त्याला नकार कसा द्यायचा ते सांगा. अशैक्षणिक कामांनी वर्ग ओस पडलेत!

नियमपंडित: कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळूनच बंदी आहे.

वैतागलेला_गुरुजी: वाचलंय! निवडणूक एकदा होते, याद्यांचं काम वर्षभर चालतं. उन्हात फिरून बघा, मग कलमं शिकवा.

नियमपंडित: आवाज चढवून कायदा बदलत नाही. काम वाढलंय हे मात्र खरं, तेवढं मान्य.

नवी_शिक्षिका: माझा प्रश्न राहिलाच. काल सरांनी तासाच्या वेळेत त्यांचा खासगी चेक बँकेत भरायला सांगितला, तेव्हा काय म्हणायचं?

खडूफळा: "आत्ता माझा नववी ब वर तास आहे, वर्ग मोकळा राहील." इतकंच. "नंतर जाते" जोडू नका, नाहीतर मधल्या सुट्टीत चेक हातात येईल. नकारानंतर तुमच्यावरच बदली तास पडू लागले, तर तारीख आणि तासिका डायरीत टिपून ठेवा.

साधा_माणूस: गुणांचं कारण पटलं. पण मुलगी दुसऱ्या शाळेत असती तर?

नियमपंडित: तेव्हा तुमचे २० गुण कामाचे नाहीत, खडूफळा. माझं कलमच काढावं लागेल.

खडूफळा: तेव्हाही आधी जादा तासांचंच कारण पुढे करेन: त्या तासांमुळे रोज घरी यायला जमणार नाही. मुलगी दुसऱ्या शाळेची म्हणून त्यात बसणार नाही, हे मात्र खरं आहे.