स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओचं निवेदन: आधी क्लिप, मग शब्द

> "दोन मुलांनी आलटूनपालटून वाचायचं निवेदन लिहिलंय, पण क्लिप संपते आणि वाक्य उरतं. काय करू?"

आधी क्लिपा क्रमाने लावून घ्या आणि मगच लिहायला बसा. शाळकरी मुलं स्पष्ट वाचतात तेव्हा सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. समजा लेझीमची क्लिप १२ सेकंदांची आहे. पहिले ४ सेकंद हलगी आणि लेझमीचा खणखणाट तसाच ऐकू द्या, त्यातच खरी मजा आहे. उरलेल्या ८ सेकंदांत पंधराएक शब्द बसतात.

"मुलं लेझीम खेळत आहेत" हे तर दिसतंच. जे दिसत नाही ते सांगा:

ती: हा ताल पक्का व्हायला दिवाळीनंतरची प्रत्येक मधली सुट्टी गेली.
तो: आणि हलगीवर आहेत आपले शिपाईकाका!

एक वाक्य दोघांत तोडू नका. दुसरा आवाज नव्या माहितीसोबतच येऊ द्या. रेकॉर्डिंग दोघांना शेजारी बसवून, एकाच खोलीत, एकाच बैठकीत करा. वेगवेगळं घेतलं तर खोलीचा घुमारा बदलतो आणि संवाद वाटतच नाही. पंखा मात्र बंद ठेवा. वाचताना समोर क्लिप चालू असली, की मुलं कुठे थांबायचं ते आपसूक ओळखतात.