संकल्पाचं पाणी सोडताना तुम्हाला काय कळतं? (अनुभव धागा)

सांगलीकर: पूजेत, श्राद्धात गुरुजी संस्कृत सांगतात, यजमान मागून म्हणतो, बाकीचे हात जोडून बसतात. कळत नसताना आपण त्यात कितपत असतो? आपापले अनुभव लिहा. श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद इथे नको.

वाईची लेक: वडिलांच्या वर्षश्राद्धाला भाऊ बसला होता. गुरुजींनी आजोबा, पणजोबांची नावं विचारली. पणजोबांचं नाव त्याला आठवेना, आतून आत्यानं सांगितलं. वसुरूप, रुद्ररूप, आदित्यरूप असं म्हणत तिन्ही नावं आली तेव्हा मला रडू आलं. बाकी तासभर एक अक्षर कळलं नव्हतं.

जुना याज्ञिक: ताई, तुम्हाला नेमकी तीच जागा कळली जिथं यजमानाशिवाय चालत नाही. संकल्पाचा सांगाडा ठरलेला असतो: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, मग देश, शालिवाहन शक. बदलतं ते संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग तुमचं गोत्र, नाव आणि हे कशासाठी करताय ते. शेवटी उजव्या हातावरून ताम्हनात पाणी सोडायचं. आजची तिथी आणि तुमचं गोत्र ऐकू आलं नाही तर संकल्प नुसता उरकलाय असं समजा. गुरुजींना आधी विचारा, चांगला गुरुजी रागवत नाही.

मिरज रोड: पण त्यात 'गोदावर्या दक्षिणे तीरे, कृष्णावेण्योरुत्तरे तीरे' म्हणतात ते सांगलीला चुकीचंच आहे. आपलं गाव कृष्णेच्या पूर्वेला. हे पुण्याकडच्यांसाठी केलेलं असणार.

जुना याज्ञिक: पूर्वेला आहे हे बरोबर. पण तो नदीचा डावा काठ. सांगलीत कृष्णा दक्षिणेकडे वाहते. पुढे ती पूर्वेला वळली की तोच काठ उत्तरेचा होतो. वाईही डाव्याच काठावर.

बस्तीजवळ: आम्ही जैन, आमच्याकडे संकल्प वगैरे नाही. णमोकार प्राकृतात, आई रोज म्हणते. पाचही ओळींत कुणाला नमस्कार ते तिला पक्कं ठाऊक, व्याकरण नाही. माझ्या मुलाचं दुखणं वेगळंच: तो इंग्रजी शाळेत, त्याला मराठी आरतीसुद्धा वाचता येत नाही. त्यावर काही उपाय?

कटगुणकडचा: जोतीरावांचं मूळ गाव आमच्याच भागातलं. १८७३ ला सत्यशोधक समाज निघाला. आमच्या घरात लग्नं त्याच पद्धतीनं, भटजीशिवाय, मराठी मंगलाष्टकांनी होतात. वधूवर एकमेकांना वचन देतात ते मांडवातल्या शेवटच्या माणसाला कळतं. माझ्या बायकोनं वचन देताना आवाज चढवला होता, सगळे वळून बघायला लागले. न कळणाऱ्या भाषेत हे झालंच नसतं. तरी चुलती अजून म्हणते, लग्न लागल्यासारखं वाटलं नाही.

वाईची लेक: तुमच्या चुलतीचंही मला पटतं. भावाला अर्थ आधी मराठीत सांगा अशी विनंती आम्ही यंदा गुरुजींना करणार आहोत, मंत्र तेच ठेवून.

मिरज रोड: डाव्या काठाचं मान्य. मग नदीपलीकडच्या सांगलवाडीतल्या यजमानानं कुठला तीर म्हणायचा?