नवरा टूरवर गेला की मोकळं वाटतं, हे नॉर्मल आहे का?
मदत हवी आहे. नवरा कामाने मुंबईला जातो तेव्हा मी न पोरगी मस्त टीव्ही लावून तर्री पोहे खातो, पण विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो असा त्याचा मेसेज आला की पोटात गोळा येतो, अन् मी रात्रीच ओटा घासून, फोनमधले मैत्रिणीचे चॅट डिलीट करून ठेवते. एकटेपणा आवडणं वेगळं न, इथं तर पोरगीही हळू बोलायला लागते. मारत नाही, पण टोमणे, पैशाचा हिशोब, मग अबोला. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात मानसिक, आर्थिक छळही येतो म्हणे, तर मार नसतानाही 181 या महिला हेल्पलाइनवर बोलता येते का? कोणी आधी काउन्सेलरला एकटीनं भेटलं का?