स्टिकर नाही म्हणून नकली?

"आयातदाराचं स्टिकर नाही, म्हणजे परफ्यूम नकलीच ना?"

नाही, माल अधिकृत वाटेने आला नाही एवढंच त्यावरून कळतं. दुबईहून कुणाच्या बॅगेतून आलेल्या अस्सल बाटलीवर आयातदाराचं नाव आणि एमआरपी कुठून असणार? उलट नकली मालावर स्टिकर चिकटवणं काय जड आहे!

विक्रेत्याकडे खोक्याच्या आणि बाटलीच्या तळाचे फोटो मागा. दोन्हीकडचा बॅच कोड, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, जुळायला हवा. जुळला तरी निर्धास्त होऊ नका, कारण एकाच खऱ्या बाटलीचा कोड शेकडो नकलांवर छापता येतो. कोड खरवडलेला दिसला तर मात्र लगेच नकली म्हणू नका. माल कुठल्या वितरकाकडून फुटला हे कंपनीला कळू नये म्हणून ग्रे मार्केटवाले, म्हणजे अस्सल माल अधिकृत वाटेबाहेर विकणारे, तो मुद्दाम काढतात. तशा बाटलीचा निकाल नुसत्या फोटोवरून लागत नाही.